स्ट्रिंग-भाषांतराची टास्कनोंद

ॲपच्या पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य, बटण किंवा सूचना म्हणजे एक स्ट्रिंग. तिचे मराठी भाषांतर हे स्वतंत्र टास्क मानून भाषांतरकार, तपासनीस, सद्यस्थिती आणि प्रकाशनापूर्वीची मुदत यांची नोंद ठेवण्याची ही पद्धत आहे. टास्क साधारणपणे ‘नवीन’, ‘भाषांतरित’, ‘तपासलेले’ आणि ‘समाविष्ट’ अशा टप्प्यांतून जाते. भाषांतर करणाऱ्यानेच ते मंजूर करू नये, हा संकेत बहुतेक गट पाळतात. तपासनिसाला नुसते वाक्य देऊन भागत नाही, ते ज्या पडद्यावर येते त्याचे चित्रही टास्कला जोडावे लागते.

या पद्धतीतील खरी अडचण पूर्ण झालेल्या टास्कमध्ये दडलेली असते. नागपुरातील एका काल्पनिक बस-तिकीट ॲपचे उदाहरण घेऊ. गणेशपेठहून काटोलला जाणाऱ्या प्रवाशाला ‘बस सुटण्यापूर्वी ३० मिनिटांपर्यंत तिकीट रद्द करता येईल’ अशी सूचना दिसते. `cancel_rule` या नावाची ही स्ट्रिंग भाषांतरित होते, तपासली जाते आणि टास्क बंद होते. पुढे नियम बदलतो आणि इंग्रजी मजकुरात ३० ऐवजी ६० मिनिटे येतात. स्ट्रिंगचे नाव मात्र तेच राहते, त्यामुळे टास्कच्या फलकावर काम १०० टक्के पूर्ण दिसत असतानाच मराठी वाचणारा प्रवासी जुन्या नियमावर विसंबतो आणि त्याचे पैसे बुडतात.

गेटटेक्स्ट या भाषांतराच्या मुक्त साधनसंचात मूळ वाक्य हीच स्ट्रिंगची ओळख असते. ते थोडे बदलले की त्यातील `msgmerge` ही आज्ञा जुने भाषांतर त्याला जोडून त्यावर `fuzzy` अशी खूण करते आणि अंतिम फाइल बनवताना `msgfmt` असे भाषांतर सहसा वगळते. अँड्रॉइडच्या `values-mr/strings.xml` या फाइलमध्ये ओळख नावावरून ठरत असल्याने हे संरक्षण आपोआप मिळत नाही. म्हणून मंजुरीच्या वेळचा इंग्रजी मजकूर टास्कमध्येच जपून ठेवावा आणि प्रत्येक नव्या आवृत्तीशी तो ताडून पाहावा. फरक आढळताच टास्क पुन्हा उघडून त्याच तपासनिसाकडे पाठवणे इष्ट, कारण आधीचा निर्णय त्याला ठाऊक असतो.

मुदत एक नसून दोन असतात, आणि घाईत नेमके हेच विसरले जाते. पहिल्या मुदतीला, म्हणजे ‘स्ट्रिंग फ्रीझ’ला, इंग्रजी मजकूर गोठवला जातो, तर दुसरीपर्यंत मराठी भाषांतर आणि तपासणी संपवायची असते. दोन्हींमध्ये अंतर नसेल, तर तपासनिसाची सही नाममात्र उरते. फ्रीझनंतर मजकूर बदलायचा झाल्यास गनोमसारख्या मुक्त प्रकल्पांत भाषांतर गटाची संमती घ्यावी लागते.

दुसरी मुदत चुकली तरी प्रकाशन थांबतेच असे नाही, कारण मराठी स्ट्रिंग नसेल तिथे अँड्रॉइड मूळ मजकूर दाखवते. त्यामुळे `cancel_rule`चे नवे भाषांतर वेळेत तपासून झाले नाही, तर जुने मराठी वाक्य त्या आवृत्तीपुरते काढून टाकणे योग्य ठरते. मराठी पडद्यावर एकच ओळ इंग्रजीत दिसणे खटकते, पण तिथला नियम तरी बरोबर असतो. नुसता शब्द बदललेल्या बटणासाठी एवढे करण्याचे कारण नाही. तिथे जुने भाषांतर ठेवून टास्क पुढच्या आवृत्तीकडे ढकलता येते.