मळी टाकीत की शेतात? टीएम आणि शब्दसूची यांतला फरक

“टीएम सगळ्यांची एकच आहे ना? मग वेगळी शब्दसूची कशाला?” एका साखर कारखान्याची सहाशे पानी कार्यपुस्तिका कोल्हापुरात बसून आम्ही चौघं मराठीत आणत होतो, तेव्हा पहिल्याच दिवशी हा प्रश्न आला. मीही मान डोलावली. आठवड्याभरात चूक कळली.

टीएम म्हणजे ट्रान्सलेशन मेमरी. तिच्यात वाक्यांच्या जोड्या साठतात: इंग्रजी वाक्य आणि त्याचं कुणीतरी केलेलं मराठी. तसंच किंवा बरंचसं तसं वाक्य पुढे आलं की ती जुनं भाषांतर पुढे करते. शब्दसूचीत वाक्यं नसतात, निर्णय असतात. ही वस्तू कोणती, तिला आपण काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही. काय केलं ते टीएमला आठवतं, पण ते बरोबर होतं का हे तिला ठाऊक नसतं.

आमचं घोडं अडलं ‘मळी’पाशी. इंग्रजीतल्या ‘मोलॅसिस’ला एकीनं मळी लिहिलं, दुसऱ्यानं काकवी. काकवी म्हणजे गुऱ्हाळावर गुळासाठी रस आटवताना निघणारा पातळ गोड पाक, भाकरीबरोबर खायचा; ती काही डिस्टिलरीत जात नाही. तिसऱ्यानं मळी हा शब्द ‘प्रेसमड’साठी वापरला, आणि गंमत म्हणजे तोही चुकला नव्हता. त्याच्या घरी शेती. “आमच्या रानात दरवर्षी चार ट्रॉल्या मळी पडती की,” तो म्हणाला. शेतात पडते ती मळी म्हणजे रस साफ करताना खाली बसलेला गाळ फिल्टरवर गाळून उरलेला लगदा. टाकीत साठते ती मळी म्हणजे साखर वेगळी काढल्यावर उरलेला काळा दाट द्रव. एक टन उसामागे पहिला साधारण ३० ते ४० किलो निघतो, दुसरा ४० ते ४५. आकडे इतके जवळचे, की नुसत्या आकड्यांवरून वाचणाऱ्याला चूक कळायची नाही.

इथे टीएमनं मदत केली नाही, उलट गोंधळ पसरवला. ‘प्रेसमड रोज मोजून नोंदवावे’ अशा अर्थाचं वाक्य ‘मळी रोज मोजून नोंदवावी’ असं होऊन तिच्यात गेलं. पुढे मोलॅसिसबद्दल नेमकं तसंच वाक्य आलं. फरक एका शब्दाचा, म्हणून तिनं ८५ टक्क्यांच्या आसपास जुळणी दाखवून जुनं भाषांतर सुचवलं. मी पाहिलं, मळीच तर आहे, आणि स्वीकारलं. दोन पदार्थ, एकच शब्द, आणि पडद्यावर लाल खूण कुठेच नाही. उलट बाजूनंही तसंच: मूळ लेखक त्याच लगद्याला कुठे ‘प्रेस मड’ तर कुठे ‘फिल्टर केक’ म्हणत होता. दोन्ही एकच, हे टीएमला कळणार कसं?

मग शब्दसूची केली. एक ओळ शब्दाची नव्हे, वस्तूची. ‘प्रेस मड’ आणि ‘फिल्टर केक’ एकाच ओळीत, समोर ‘प्रेसमड’, आणि ‘नको’च्या रकान्यात ‘मळी’. मोलॅसिससमोर ‘मळी’, कारण सरकारी कागदांत तोच शब्द त्या द्रवासाठी चालतो, ‘नको’मध्ये ‘काकवी’. शेतकऱ्यांसाठीच्या प्रकरणात पहिल्या उल्लेखाला ‘प्रेसमड, म्हणजे शेतात घालतात ती मळी’ असं एकदाच लिहायचं ठरलं. लिंगाचाही रकाना ठेवला, कारण उसाच्या चोथ्याबद्दल एका पानावर ‘बगॅस जळतो’ आणि पुढच्यावर ‘बगॅस जळते’ असं झालं होतं. नवी ओळ कुणीही सुचवावी, पण पक्की एकानंच करावी. आमच्याकडे ते काम कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या काकांकडे होतं.

शब्दसूचीला मराठीत स्वतःचीही खोड आहे. तपासणीचं सॉफ्टवेअर सूचीतलं रूप मराठी वाक्यात शोधतं. सूचीत ‘ऊस’, वाक्यात ‘उसाचा’: भाषांतर बरोबर, तरी चूक दाखवतं. म्हणून ‘उस’ हे रूप वेगळ्या रकान्यात द्यावं लागलं. याच्या उलट ‘गाळ’. नुसती सुरुवातीची अक्षरं जुळवायला सांगितलं, तर ‘गाळप’ या शब्दातही त्याला गाळ सापडतो आणि भाषांतरात खरोखर राहून गेलेला ‘गाळ’ बिनबोभाट पास होतो. तिथे ‘गाळाचा’, ‘गाळात’ अशी रूपंच मोजून दिली.

सूची बदलली म्हणून टीएम बदलत नाही, हे मात्र आमच्या फार उशिरा ध्यानात आलं. ‘प्रेसमड’ पक्कं झाल्यावरही जुन्या जोड्यांतून ‘मळी’ परत परत वर येत होती. शेवटी इंग्रजीत ‘प्रेस मड’ किंवा ‘फिल्टर केक’ आणि मराठीत ‘मळी’ असलेल्या सगळ्या जोड्या शोधून काढल्या आणि एकेक हातानं दुरुस्त केल्या, कारण सरसकट बदललं असतं तर ‘प्रेसमड मोजून नोंदवावी’ असं झालं असतं. नंतर तयार झालेल्या प्रकरणांतही तोच शोध पुन्हा घेतला. त्यात दोन दिवस गेले.