पाणी कोमट, तरी केटल बंद!

आमच्या केटलने मध्यंतरी एक नवीन खोड काढली होती. एक लिटर पाणी भरून बटण दाबलं की नेहमीसारखा सूं-सूं आवाज सुरू व्हायचा आणि दीडेक मिनिटात 'टक्'. झाकण उघडून पाहावं तर पाणी जेमतेम हात पोळेल इतकं. लगेच पुन्हा बटण दाबलं तर काहीच नाही. तीन-चार मिनिटं थांबलं की परत चालू, आणि थोड्या वेळात परत 'टक्'.

हिशोब केला. एक लिटर पाणी 25 अंशांवरून 100 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला सुमारे 314 किलोज्यूल उष्णता लागते. केटल 1500 वॅटची, म्हणजे साडेतीन मिनिटं. दीड मिनिटात 135 किलोज्यूल मिळाले, तर पाणी 57 अंशांच्या आसपास यायला हवं. थर्मामीटर बुडवला, तो 56 दाखवत होता. म्हणजे कॉइल ठणठणीत होती, पूर्ण ताकदीने तापत होती. तिला कोणीतरी मध्येच थांबवत होतं.

ते कोण, हे शोधायचं तर केटलमध्ये सहसा दोन पहारेकरी असतात हे माहीत हवं. एक हँडलजवळ. पाणी उकळलं की वाफ एका छोट्या वाटेने त्याच्यापर्यंत पोचते आणि तो बटण पाडतो. दुसरा तळाखाली, तापणाऱ्या पत्र्याला चिकटून. कोरडी केटल चालू राहिली तर जळू नये म्हणून तो बसवलेला असतो. 56 अंशांच्या पाण्यातून हँडलपर्यंत जाण्याइतकी वाफ निघत नाही. म्हणजे पहिला निर्दोष; संशय तळातल्यावर.

दोघेही द्विधातू पट्टीचेच अवतार. तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावणारे दोन धातू एकमेकांना जोडले की पट्टी वाकते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या घड्याळजीने ही युक्ती जहाजावरच्या घड्याळासाठी वापरली. केटलमध्ये पट्टीऐवजी किंचित फुगीर चकती असते. डब्याचं पत्र्याचं झाकण दाबल्यावर जसं एकदम 'टक्' करून आत जातं, तशी ती ठरलेल्या तापमानाला एका झटक्यात उलटते. झटका हवाच, कारण संपर्क हळूहळू सुटला तर ठिणगी लांबते आणि टोकं जळतात. उलटलेली चकती पूर्ववत व्हायला मात्र बरंच थंड व्हावं लागतं. ती तीन-चार मिनिटं त्यासाठीच लागत होती.

पण पाणी कोमट असताना तळातली चकती का उलटावी? केटलच्या बुडाला पांढरट, खरखरीत थर होता. क्षाराच्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, बुडाला बसते. तिच्यातून उष्णता सावकाश जाते. बारा सेंटिमीटर व्यासाच्या बुडावर अर्धा मिलिमीटर थर असेल आणि खालून 1500 वॅट येत असतील, तर थराच्या दोन बाजूंमध्ये 30 ते 60 अंशांचा फरक पडू शकतो. त्यातच, तो सूं-सूं आवाज म्हणजे बुडाशी बुडबुडे तयार होऊन वरच्या गार पाण्यात फुटत असल्याची खूण. पाणी कोमट असलं तरी बुडालगत शंभरी ओलांडलेली असते. वर हे 30-60 अंश चढले की पत्र्याखालच्या चकतीला केटल कोरडीच वाटते.

थरामुळे पाणी तापायला फार वेळ लागतो, असं सर्रास सांगतात. ते फारसं खरं नाही. वीज तेवढीच जाते आणि उष्णतेला पाण्याखेरीज दुसरी मोठी वाट नसते. तापतो तो पत्रा, आणि खेळ बिघडतो तो चकतीमुळे. तिच्या या बंद-चालूमध्ये पाणी कधी उकळतच नाही, असंही होतं.

एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) घातलं. एवढ्यात जास्तीत जास्त 19-20 ग्रॅम चुनखडी विरघळते; माझ्या अंदाजाने बुडाला 15 ग्रॅमच्या आत होती. पाणी कोमटच ठेवलं, कारण उकळलं तर कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि त्याचाच नवा साका बसतो. फेस यायला लागला. अर्ध्या तासाने तो थांबल्यावर पाणी ओतलं, दोनदा विसळलं. पुढचं लिटरभर पाणी साडेतीन मिनिटांहून थोड्या जास्त वेळात खळखळून उकळलं आणि बटण पडलं, तेव्हा तोटीतून वाफ येत होती.

वाफ दिसत असताना केटल बंद होणं हे हँडलवाल्याचं काम. भरताना पाणी कमाल खुणेच्या वर गेलं असेल तर उकळतं पाणी त्याच्या वाटेत उडतं. नुकतंच उकळून झालं असेल तर तो अजून गरम असतो आणि बटण टिकत नाही. झाकण नीट न लावल्यास उलट होतं: वाफ त्याच्याकडे जातच नाही आणि केटल उकळतच राहते.

बूड लख्ख करूनही पाणी कोमट असतानाच 'टक्' होत असेल, तर चकतीच थकलेली असते किंवा तिचा पत्र्याशी संपर्क बिघडलेला असतो. मग चकती बसवलेला अख्खा कंट्रोल काढून त्याच प्रकारचा नवा बसवावा लागतो. तारा जोडून चकतीला वळसा घालणारे कारागीर भेटतात. अशी केटल तेव्हा व्यवस्थित चालते, पण पुढे एखाद्या दिवशी रिकामीच चालू राहिली तर तिला थांबवणारं तळाशी कोणी नसतं.