ला, लॉ, मे : सिंग्लिशमधील वाक्यान्त निपात

सिंगापूरच्या बोली इंग्रजीत, म्हणजे सिंग्लिशमध्ये, वाक्याच्या किंवा उपवाक्याच्या शेवटी येणारे एकाक्षरी शब्द. त्यांनी वाक्यातली माहिती बदलत नाही. बोलणारा ती माहिती कोणत्या पवित्र्यातून समोर ठेवतो आहे, आणि ऐकणाऱ्याला ती आधीच ठाऊक असायला हवी होती असे त्याला वाटते की नाही, हे मात्र त्यांच्यावरून कळते. रोमन लेखनात ‘ला’ आणि ‘मे’ यांच्या शेवटी ह, तर ‘लॉ’च्या शेवटी र लिहिण्याची रीत आहे. ही अक्षरे उच्चारात नसतात, म्हणून या नोंदीत ती गाळली आहेत.

एकच विधान घेतले तर फरक लवकर दिसतो. ‘टुमॉरो गॉट क्लास’ म्हणजे ‘उद्या वर्ग आहे’; सिंग्लिशमध्ये ‘गॉट’ हे ‘आहे, असते’ या अर्थी चालते. उद्या सुट्टी आहे असे धरून चाललेल्या विद्यार्थ्याला मित्राने वर्गाची आठवण करून दिली, तर तो म्हणेल, ‘टुमॉरो गॉट क्लास मे?’ हा साधा प्रश्न नाही. साधी चौकशी करायची असती तर त्याने ‘गॉट क्लास ऑर नॉट?’ असे विचारले असते. ‘मे’मध्ये आधीची समजूत उलटी होती आणि ऐकलेले अजून पटलेले नाही, ही कबुली असते. मराठीत ‘उद्या वर्ग आहे होय?’ यातला ‘होय’ तिच्या बराच जवळ जातो.

मित्र यावर दोन प्रकारे उत्तर देऊ शकतो. ‘गॉट ला’ म्हटले तर ‘आहे रे’, शंका ठेवू नकोस, विषय संपला. ‘गॉट वॉट’ म्हटले तर ‘आहे की!’, म्हणजे हे तुला माहीत असायला हवे होते. हा ‘वॉट’ इंग्रजीतल्या ‘काय’ या अर्थाच्या शब्दासारखाच दिसतो, पण येथे तो प्रश्न विचारत नाही; समोरच्याचे म्हणणे खोडतो. शेवटी पहिला विद्यार्थी म्हणतो, ‘देन गो लॉ’: मग जायचे, दुसरे काय. ‘लॉ’ने पर्याय नसल्याचे मान्य होते आणि ते उघडच असल्याचेही सुचवले जाते. भाषाभ्यासक लायोनेल वी यांनी ‘लॉ’च्या विवेचनात उघडपणा आणि हतबल स्वीकार या दोन्ही छटा नोंदवल्या आहेत. ‘नो चॉइस लॉ’ हा नित्याचा प्रयोग दुसऱ्या छटेचा. रस्ता विचारल्यावर मिळणाऱ्या ‘गो स्ट्रेट लॉ’मध्ये पहिली छटा वरचढ असते, आणि परक्या माणसाला ते किंचित तुसडे वाटू शकते.

‘ला’ तिघांत सर्वांत परिचित, आणि नेमका अर्थ सांगायला सर्वांत अवघड. जॅक रिचर्ड्स आणि मेरी टे यांनी 1977 मध्ये त्याच्याकडे मुख्यतः अनौपचारिकता आणि जवळीक यांची खूण म्हणून पाहिले. पण वाद घालतानाही ‘ला’ येतोच, त्यामुळे एवढ्याने भागत नाही. त्यात स्वरही अर्थ ठरवतो. ‘ईट ला’ हे आर्जवी चढत्या स्वरात म्हटले तर ‘खा ना’. खाली तोडून म्हटले तर ‘खा म्हटलं ना एकदा’. स्वरानुसार हे एकाहून अधिक ‘ला’ मानावेत, की एकाच ‘ला’वर वाक्याचा सूर बसलेला आहे, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. अँथिया फ्रेझर गुप्ता यांनी 1992 मध्ये सुचवलेली मांडणी अधिक उपयोगी वाटते. त्यांनी हे निपात बोलणाऱ्याच्या ठामपणाच्या चढत्या-उतरत्या मापावर बसवले: एका टोकाला समोरच्याला खोडणारा ‘वॉट’, मध्ये ठासून सांगणारा ‘ला’, आणि दुसऱ्या टोकाला संमती चाचपणारे ‘आ’ आणि ‘हॉ’.

उगमाबद्दल सर्वाधिक वाद ‘ला’वरच झाला आहे. मलय भाषेत ‘लाह’ हा प्रत्यय आहेच: ‘मिनुम’ म्हणजे पी, ‘मिनुमलाह’ म्हणजे प्या ना. बाजारी मलय ही सिंगापुरात 1970 च्या दशकापर्यंत वेगवेगळ्या समाजांची परस्परसंपर्काची बोली होती. पेरानाकान, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मलय प्रदेशात स्थायिक झालेल्या चिनी वंशाच्या, घराण्यांतली मुले इंग्रजी शाळांत लवकर गेली, आणि त्यांची घरची बोलीही बाबा मलय, म्हणजे मलयचेच एक रूप, होती. त्यामुळे मलय उगमाचे मत स्वाभाविक दिसते. मात्र मलय प्रत्यय वाक्यातल्या कोणत्याही ठळक शब्दाला चिकटतो, तर सिंग्लिशमधला ‘ला’ सहसा पूर्ण वाक्याच्या अंती बसतो, आणि त्याला स्वतःचा स्वर असतो. ही दोन्ही लक्षणे होक्कियेनसारख्या चिनी बोलींच्या वाक्यान्त निपातांशी जुळतात. बाजारी मलयवरही होक्कियेनचा प्रभाव होता. एकाच ध्वनीचे दोन शब्द दोन बाजूंनी येऊन एकमेकांना बळ देत गेले असावेत, हे मत जास्त संभवनीय दिसते. जुन्या बोलण्याचे लेखी पुरावे तुटपुंजे असल्याने यापुढचा निर्णय अवघड आहे.

‘लॉ’ आणि ‘मे’ यांचा प्रश्न तुलनेने सुटसुटीत आहे. लिसा लिम यांनी 2007 मध्ये या निपातांचे वय आणि स्वर एकत्र तपासले. ‘ला’, ‘आ’ आणि ‘वॉट’ हे त्यांच्या मते जुन्या थरातले. ‘लॉ’, ‘मे’, ‘हॉ’, ‘ले’ इत्यादी नंतर आले. ‘मे’चा उंच सपाट आणि ‘लॉ’चा मध्यम सपाट स्वर कँटनीजमधल्या निपातांशी जुळतो. सिंगापुरातल्या चिनी समाजात होक्कियेन गट मोठा असूनही कँटनीजचा ठसा का, याचे कारण लिम 1970 आणि 1980 च्या दशकांत हाँगकाँगच्या चित्रपट व मालिकांमुळे कँटनीजला आलेल्या प्रतिष्ठेत शोधतात. 1987 पासून सर्व शाळांत इंग्रजी ही पहिली भाषा झाली. चिनी बोलींची सवय असलेल्या घरांतली मुले त्याआधीपासूनच मोठ्या संख्येने इंग्रजीकडे वळत होती. उगमाच्या बोलीतला स्वर शब्दासह उतरणे ही इंग्रजीच्या दृष्टीने विशेष बाब आहे, कारण इंग्रजीत सुटा शब्द स्वतःचा ठरलेला स्वर घेऊन येत नाही.

परक्यांच्या वापरातली चूक बहुधा एकच असते: कोणत्याही वाक्याला ‘ला’ जोडला की सिंग्लिश होते, ही समजूत. ‘मे’ हा हो-नाही उत्तराच्या वाक्यालाच लागतो. ‘व्हेअर यू गो मे?’ असे कोणी म्हणत नाही. ऐकणाऱ्याला अगदी नवी, अनपेक्षित बातमी देताना ‘लॉ’ चालत नाही, कारण त्यात उघडपणा गृहीत असतो. आणि वेळ विचारताना मागे ‘ला’ लावला, तर चौकशी राहत नाही, वैताग होतो.

मलयमधून आलेला मानला जाणारा ‘सिया’ हा अलीकडे तरुणांच्या बोलण्यात रूढ झालेला निपात मुख्यतः आश्चर्य वा बोलण्यातला जोर दाखवतो. 2000 मध्ये तत्कालीन पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी सुरू केलेल्या ‘चांगले इंग्रजी बोला’ या मोहिमेचा रोख सिंग्लिशवर होता. निपात औपचारिक लेखनात येत नाहीत, तरी घरगुती संभाषणातून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून ते गेलेले नाहीत.