पाचपैकी पाच दाखवणारं गेज

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी बारा वर्षं क्वालिटीत काढली. तिथे दर मार्चमध्ये एक गंमत व्हायची. एरवी दहा मायक्रॉनवरून प्रॉडक्शनशी भांडणारे आम्ही लोक, अप्रेझलचे फॉर्म आले की अर्ध्या तासात चाळीस माणसं मोजून मोकळे व्हायचो. आणि माप काय निघायचं? चाळिसातल्या छत्तीस जणांना पाचपैकी पाच. उरलेल्या चौघांना चार. त्या चौघांत एक सतत दांड्या मारणारा, दोघे नवीन भरतीचे, आणि चौथा आमचा सगळ्यात चांगला सीएनसी सेटर. त्याचा गुन्हा एवढाच, की तो कडक सुपरवायझरच्या शिफ्टमध्ये होता.

हा फॉर्म म्हणजे एक मोजण्याचं साधन आहे, असं धरून त्याच्याकडे बघितलं तर तो नेमका कुठे बिघडलाय ते कळतं. सातपूर-अंबडमध्ये ज्यांनी नोकरी केली त्यांना प्लग गेज माहीत असतं. 20 मिलिमीटरचं भोक, चालणारी हद्द 20.000 ते 20.021. गेजची एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. झालं, पीस पास. पण भोक 20.004 आहे की 20.019, हे ते गेज सांगत नाही. ते त्याचं कामच नाही. पाच गुणांचा फॉर्म जेव्हा नव्वद टक्के लोकांना पाच देतो, तेव्हा त्याचंही प्लग गेज झालेलं असतं. माणूस चालेल की नाही, एवढं तो सांगतो. पगारवाढ आणि बढती मात्र आपण त्याच्यावर अशी ठरवतो, जणू त्यात मायक्रोमीटरचे आकडे आहेत.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. सुपरवायझर नुसता सढळ हाताचा असणं ही फार मोठी अडचण नाही. व्हर्नियरला झिरो एरर असतो तसंच ते आहे. सगळ्यांना सारखाच एक गुण जास्त मिळत असेल, तर तो वजा करता येतो. खरी अडचण छताची आहे. फॉर्म पाचावर संपतो.

साधा हिशेब करून बघू. समजा, आपल्याला तीन कामगारांची खरी पातळी ठाऊक आहे : 3.6, 4.2 आणि 4.9. पहिले दोघे मवाळ सुपरवायझरकडे आहेत, तो प्रत्येकाला एक गुण वाढवून देतो. त्यामुळे 3.6 वाल्याला 4.6 मिळतात. 4.2 वाल्याला 5.2 मिळायला हवेत, पण फॉर्मवर तो आकडाच नाही, म्हणून 5. तिसरा, 4.9 वाला, कडक सुपरवायझरकडे आहे. तो एक-दोन दशांश गुण हातचे राखणाऱ्यांतला. त्याने दिले 4.7. आता एचआरच्या एक्सेलमध्ये यादी लावा. मधला माणूस पहिला. सगळ्यात चांगला दुसरा. आणि सगळ्यात कच्चा माणूस त्याच्यापेक्षा फक्त एका दशांशाने मागे! त्याच मवाळ सुपरवायझरकडे 4.9 चा आणखी कोणी असता, तर तोही पाचावरच थांबला असता, 4.2 वाल्यात आणि त्याच्यात काही फरक उरला नसता. कापला गेलेला भाग नंतर कुठल्याही सूत्राने परत आणता येत नाही, कारण तो कधी लिहिलाच गेलेला नसतो.

म्हणजे सगळे वर छताला टेकले की कामातला फरक पुसला जातो आणि आकड्यांत उरतो तो मुख्यतः सुपरवायझरांच्या स्वभावातला फरक. मग दोन दशांशांपर्यंत सरासरी काढून लावलेली ती यादी खरं तर सुपरवायझरांची यादी असते.

हे फक्त आमच्या कारखान्याचं दुखणं नव्हतं. स्कलन, माउंट आणि गॉफ या संशोधकांनी 2000 साली जवळजवळ साडेचार हजार व्यवस्थापकांची मूल्यमापनं तपासली. प्रत्येकाला दोन वरिष्ठ, दोन सहकारी आणि दोन हाताखालचे लोक अशा अनेकांनी गुण दिले होते, त्यामुळे कोणता फरक माणसाच्या कामामुळे आणि कोणता गुण देणाऱ्यामुळे, हे वेगळं काढता आलं. गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून जास्त भाग गुण देणाऱ्याच्या खास स्वतःच्या नजरेचा निघाला. आमच्याकडे नवीन गेज लाइनवर घेण्याआधी ‘गेज आर अँड आर’ नावाची चाचणी करतात. दहा पीस, तीन माणसं, प्रत्येकाने प्रत्येक पीस दोन-तीनदा मोजायचा. मोजणीमुळे येणारा फरक 30 टक्क्यांच्या वर गेला तर गेज बाद. दोन्हींकडे टक्के काढायची पद्धत वेगळी आहे, तेव्हा आकड्याला आकडा लावू नये. तरी अप्रेझलचा फॉर्म या परीक्षेत पास होणार नाही, हे सांगायला पद्धत जुळवायची गरज नाही. (योगायोग असा, की आर अँड आरच्या पुस्तकात मोजणाऱ्या माणसाला ‘अप्रेझर’च म्हणतात.)

सुपरवायझर असं का करतो? तो भोळा नसतो. त्याला पक्कं माहीत असतं की हा फॉर्म इन्क्रिमेंटला जोडलेला आहे. आपण चार दिले आणि शेजारच्या लाइनने पाच दिले, तर आपला माणूस मागे पडणार, आणि उद्या सकाळी सात वाजता तोच माणूस समोर मशिनवर उभा असणार. शिवाय कमी गुण दिले की फॉर्मवर कारण लिहावं लागतं. पाच दिले की काहीच लिहावं लागत नाही. जवाहर आणि विल्यम्स यांनी 1997 साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज केली. पगार-बढतीसाठी गुण द्यायचे असले की ते, फक्त संशोधनासाठी किंवा माणसाच्या सुधारणेसाठी दिलेल्या गुणांपेक्षा, सरासरीने, गुण किती पसरलेत ते सांगणाऱ्या प्रमाण विचलनाच्या सुमारे एक तृतीयांश इतके वर जातात, असं त्यांना दिसलं. गुण देणाऱ्याला परिणाम दिसला की त्याचा हात सैल सुटतो.

पुढे शब्दांचे अर्थही सरकतात. सर्वोच्च न्यायालयात 2008 साली निकाल लागलेलं देव दत्त प्रकरण घ्या. देव दत्त सीमा रस्ते खात्यात अभियंता होते. बढतीसाठी सलग पाच वर्षं ‘अतिउत्तम’ शेरा लागत होता, आणि एका वर्षी त्यांना ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. तो त्यांना कळवलाही नव्हता, कारण चांगला शेरा कशाला कळवायचा? न्यायालयाने म्हटलं की या ‘चांगला’मुळे माणसाची बढती अडली, म्हणजे तो प्रत्यक्षात प्रतिकूल शेराच झाला, तो कळवायलाच हवा होता. ज्या व्यवस्थेत ‘चांगला’ हा शब्द माणसाचं नुकसान करतो, तिथे वरच्या घरात गर्दी होणारच.

आणि एक परिणाम मला सगळ्यात जास्त खटकतो. फॉर्मवरून काही कळत नाही म्हटल्यावर व्यवस्थापक खरी माहिती दुसरीकडून काढतो. प्लांट हेड कॅन्टीनमध्ये सुपरवायझरला बाजूला घेऊन विचारतो, “फॉर्म राहू द्या हो, कामाचा कोण ते सांगा.” तिथे जे नाव निघतं त्याची बढती होते. ते नाव बरोबरही असेल. पण त्याला ना पुरावा, ना नोंद, ना ज्याचं नाव निघालं नाही त्याला दाद मागायची सोय. लेखी मूल्यमापन आणलं होतं ते नेमकं हेच थांबवायला.

उपाय म्हटलं की पहिलं नाव कोट्याचं येतं : वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा. जनरल इलेक्ट्रिकमुळे ही पद्धत गाजली. मायक्रोसॉफ्टने तिचा आपला अवतार 2013 मध्ये बंद केला. आठ जणांच्या टूलरूममध्ये ही टक्केवारी लावायची म्हणजे कोणीतरी ‘खालचा’ काढायलाच लागतो, मग आठही जण उत्तम का असेनात. इतक्या लहान गटात घंटेच्या आकाराचा आलेख निघेल याची काहीच खात्री नसते. अमेरिकी सैन्याने 1997 साली वेगळी वाट काढली. वरिष्ठाने सर्वांत वरच्या घरात निम्म्यांपेक्षा कमी अधिकारी टाकायचे, एवढीच अट. खाली कोणाला ढकलण्याची सक्ती नाही. लावायचीच असेल, तर फक्त वर झाकण घालणारी ही अट मला बरी वाटते.

पण आमच्याकडे उपयोग झाला तो दोन साध्या गोष्टींचा.

पहिली म्हणजे आकड्यांना अर्थ देणं. स्मिथ आणि केंडल यांनी 1963 मध्ये ही कल्पना मांडली होती : पट्टीच्या प्रत्येक पायरीवर ‘उत्तम’, ‘साधारण’ असे शब्द न लिहिता प्रत्यक्ष दिसणारं वागणं लिहायचं, आणि तेही काम जाणणाऱ्यांनीच ठरवायचं. सेटरसाठी आमच्या सुपरवायझरांनी लिहिलं ते साधारण असं होतं. तीन : ड्रॉइंगप्रमाणे सेटिंग करतो, पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घेतल्याशिवाय लॉट चालू करत नाही. चार : माप हद्दीबाहेर जायच्या आधीच सरकताना ओळखतो, ऑफसेट देतो किंवा इन्सर्ट बदलतो. पाच : सेटिंगचा वेळ कमी होईल असा बदल त्याने केलाय आणि तो दुसऱ्या शिफ्टने उचललाय. या पट्टीवर तीन म्हणजे नोकरी नीट करणारा माणूस. छत्तीस जणांना पाच द्यायला छत्तीस बदल दाखवावे लागतात, आणि तिथेच पेन थबकतं.

दुसरी गोष्ट आर अँड आरचीच. शिफ्ट बदलत असल्याने काही कामगार दोन सुपरवायझरांच्या हाताखाली काम करून गेलेले असतात. अशा सहा-सात जणांना दोघांनी एकमेकांना न विचारता गुण द्यायचे, मग एका टेबलावर बसायचं. फरक दिसला की वाद आकड्यावर घालायचा नाही, “तू काय बघितलंस?” एवढंच विचारायचं. आमच्या पहिल्याच बैठकीत त्या सेटरला एकाकडून पाच आणि दुसऱ्याकडून चार होते. कडक सुपरवायझर म्हणाला, “पाच मी कोणालाच देत नाही, पाच म्हणजे देव.” मवाळ म्हणाला, “मी कामावर वेळेत येणाऱ्याला देतो.” एकाच फॉर्मवर दोन वेगवेगळ्या पट्ट्या होत्या, आणि वर्षानुवर्षं आम्ही त्यांची सरासरी काढत होतो.

या बैठकीतही धोके आहेत. मोठ्या आवाजाचा माणूस आपली माणसं वर रेटतो. म्हणून गुण आधी लिहून आणायचे आणि सगळ्यात कनिष्ठ सुपरवायझरने आधी बोलायचं. गुण पसरले म्हणजे ते खरे झाले, असंही नाही. कोणी नुसते डोळे मिटून दोनपासून पाचपर्यंत वाटले तरी आलेख छान दिसतो. तपासायचं असेल तर त्या दुहेरी मोजणीत दोघांच्या गुणांतलं अंतर दरवर्षी कमी होतंय का, ते बघावं.

पट्टी बदलली त्या वर्षी बरेच जण पाचावरून तीनवर आले. युनियनचे लोक भेटायला आले आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं : काल पाच होते ते आज तीन, मग वर्षभरात आम्ही बिघडलो का? आम्ही बोर्डावर नवीन पट्टी लावली, जुने आकडे नव्यांशी तुलनेला घेणार नाही असं लेखी दिलं, आणि त्या वर्षीचं इन्क्रिमेंट तीनवाल्यांना आधीइतकंच ठेवलं. तो सेटर मात्र चाराचा पाच झाला. त्याने फॉर्म हातात घेऊन दोनदा वाचला आणि विचारलं, “साहेब, सुपरवायझर बदलले का?”