योनिकंडू व दाट स्राव, आवर्ती

योनिमार्गात व भगभागात वारंवार खाज सुटणे आणि अंगावरून घट्ट, दह्याच्या कवडीसारखे पांढरे जाणे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी स्त्रिया ही तक्रार ‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढ्याच शब्दांत सांगतात. कन्नडात तिला ‘बिळी सेरगु’ आणि खाजेला ‘तुरिके’ म्हणतात. दोन्ही भाषांतली ही नावे स्रावाचा रंग सांगतात. तो दाट आहे की पातळ, त्याला वास येतो का, हे सांगत नाहीत. निदान मात्र याच दोन गोष्टींपासून सुरू होते. वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा खात्रीशीर बुरशीसंसर्ग झाल्यास तो आवर्ती मानतात. जुन्या व्याख्येत चार वेळांची अट होती.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील योनिव्यापदांच्या अध्यायात (अध्याय ३०) दोन वर्णने या लक्षणांच्या जवळ जातात. ‘श्लेष्मला’ म्हणजे बुळबुळीत, कंडूयुक्त, कमी वेदनेची अवस्था, आणि ‘अचरणा’ म्हणजे न धुतल्याने जंतू होऊन सुटणारी खाज. ‘श्वेतप्रदर’ हा आज रूढ असलेला शब्द मुख्यतः नंतरच्या टीकांतून व संग्रहग्रंथांतून स्थिरावलेला दिसतो. यांपैकी कोणतेही एक वर्णन आजच्या एका रोगाशी तंतोतंत जुळवण्याचा मोह टाळलेला बरा.

आधुनिक वर्गीकरणात दोन अवस्था वेगळ्या काढाव्या लागतात. पहिली कॅन्डिडा बुरशीची, बहुतेक वेळा कॅन्डिडा ॲल्बिकन्सची. हिच्यात खाज प्रमुख असते, कातडी लाल होते, लघवी बाहेरच्या सोललेल्या कातडीला लागून झोंबते. स्राव दाट, पण दुर्गंधी नसतो. दुसरी बॅक्टेरियल व्हजायनोसिस, संक्षेपाने बीव्ही. हिच्यात स्राव पातळ, एकसारखा, करडा-पांढरा असतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो, विशेषतः संबंधानंतर. खाज नसते किंवा किरकोळ असते.

बीव्हीच्या कारणाबद्दलचा वाद जुना आहे. १९५५ मध्ये गार्डनर व ड्यूक्स यांनी एका जिवाणूस कारण ठरवून त्याला हीमोफिलस व्हजायनॅलिस म्हटले. १९८० मध्ये त्याचे नाव गार्डनरेला झाले. पुढे तोच जिवाणू तक्रार नसलेल्या स्त्रियांतही सापडू लागला आणि ‘एक रोग, एक जंतू’ ही मांडणी डळमळली. आज अधिक पटणारे मत असे, की नेहमीचे लॅक्टोबॅसिलस घटून अनेक विनावायू जिवाणू वाढतात व पेशींवर चिकट थर धरतात. त्या थराची सुरुवात गार्डनरेला करत असावा. दाह फारसा नसतो, म्हणूनच नावात ‘दाह’ दर्शवणारा प्रत्यय नाही.

फरक ठरवणारी तपासणी साधी आहे, पण ती नमुना कुठून घेतला यावर उभी असते. कापसाचा बोळा योनीच्या बाजूच्या भिंतीवर फिरवून सामू-पट्टीला लावतात. गर्भाशयमुखाजवळचा चिकट द्रव, पाळीचे रक्त, वीर्य किंवा वंगण लागले तर सामू खोटा वाढतो. सामू ४.५ किंवा त्याखाली असेल तर बुरशीकडे कल, वर असेल तर बीव्हीकडे. मात्र ट्रायकोमोनास या परजीवीतही तो वाढतो. मग एका काचपट्टीवर स्राव सलाइनच्या थेंबात आणि दुसऱ्या काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात मिसळतात. दुसऱ्या थेंबातून लगेच मासळीचा वास उठला तर ती गंध-चाचणी होकारार्थी. हाच थेंब पेशी विरघळवतो, त्यामुळे बुरशीचे धागे व कळ्या उघड्या पडतात. सलाइनच्या पट्टीवर बीव्हीच्या ‘क्लू’ पेशी दिसतात: जिवाणूंनी लडबडलेल्या, कडा पुसट झालेल्या. ॲम्सेल यांच्या १९८३ च्या निकषांत एकसारखा पातळ स्राव, ४.५ हून जास्त सामू, गंध-चाचणी आणि २० टक्क्यांहून अधिक क्लू पेशी, या चारांपैकी तीन हवेत. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बऱ्याचदा निसटते. लक्षणे ठाम असून पट्टी कोरी असेल तर कल्चर लावावे.

लक्षणांवरून केलेला घरगुती अंदाज किती फसतो, हे २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. बुरशीचे औषध स्वतःच घेऊ पाहणाऱ्या ९५ स्त्रियांपैकी जेमतेम एक तृतीयांश जणींना केवळ बुरशी होती. भारतातील शासकीय लक्षणाधारित उपचारात स्रावासाठी हिरवा संच मिळतो: सेक्निडॅझोल २ ग्रॅम व फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ. जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे पहिल्या खेपेस तो सोयीचा. चौथ्या खेपेस तोच दिल्याने दोन्ही रोग झाकले जातात आणि मूळ कारण तसेच राहते.

उदाहरणादाखल निपाणीकडील विडी वळणारी ३४ वर्षांची स्त्री घेऊ. दहा महिन्यांत चौथी खेप. दर वेळी दुकानातून फ्लुकोनॅझोलची एक गोळी, आठवडाभर आराम, पुन्हा खाज. शिवाय स्टेरॉइड, बुरशीरोधक व प्रतिजैविक एकत्र असलेले मलम चालू. हे मलम खाज दाबते, पण कातडी पातळ करते व चित्र बिघडवते; म्हणून ते थांबवून, गोळी न घेता, खाज असतानाच यायला सांगितले. सामू ४, वास नाही, पट्टीवर बुरशीचे धागे, कल्चरमध्ये ॲल्बिकन्स. उपाशीपोटी साखर १८४ मिग्रॅ निघाली. मधुमेह तिला ठाऊकच नव्हता. उपचार फ्लुकोनॅझोल १५० मिग्रॅ पहिल्या, चौथ्या व सातव्या दिवशी, मग दर आठवड्याला एक, सहा महिने. साखरही सोबत आटोक्यात आणायची. मात्र डापाग्लिफ्लोझिनसारखी, साखर लघवीवाटे काढणारी औषधे इथे टाळलेली बरी, कारण ती बुरशीला खाद्य पुरवतात.

या साप्ताहिक क्रमाला मर्यादा आहे. २००४ च्या चाचणीत सहा महिन्यांअखेर सुमारे ९० टक्के स्त्रिया मुक्त होत्या, पण गोळी थांबल्यावर वर्षअखेर सुमारे ४३ टक्केच राहिल्या. गरोदरपणात तोंडावाटे फ्लुकोनॅझोल देत नाहीत. योनीत ठेवायचे क्लोट्रिमॅझोल सात दिवस देतात. कल्चरमध्ये कॅन्डिडा ग्लॅब्राटा आल्यास फ्लुकोनॅझोल अपुरे पडते. तिथे ६०० मिग्रॅ बोरिक आम्लाची कॅप्सूल रोज रात्री योनीत, तीन आठवडे. ही पोटात गेल्यास विषारी, आणि गर्भवतीस वर्ज्य. कळ्या किंवा धागे कधीच न दिसणारी चिवट खाज त्वचारोगाची असू शकते. लायकेन स्क्लेरोसस त्यांपैकी एक.

बीव्हीवर मेट्रोनिडॅझोल ४०० ते ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सात दिवस. वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना ती परत होते. याच औषधानंतर बुरशी उठते, मग फ्लुकोनॅझोल, मग पुन्हा वास. दोन रोगांची अशी अदलाबदल ‘आवर्ती बुरशी’ म्हणून नोंदली जाते. तुरटीच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुणे लॅक्टोबॅसिलस आणखी घटवते. दही लावल्याने फायदा होतो याला भक्कम आधार नाही. पतीवर उपचाराचा उपयोग नाही असे बराच काळ मानत. २०२५ मधील ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत जोडीदारालाही गोळ्या व लिंगावर लावायचे मलम दिल्यावर बीव्ही परतण्याचे प्रमाण १२ आठवड्यांत सुमारे ६३ वरून ३५ टक्क्यांवर आले. बुरशीत मात्र जोडीदाराला खाज वा लाली नसेल तर औषध देत नाहीत. ताप, ओटीपोटात दुखणे, संबंधानंतर रक्त जाणे किंवा व्रण असल्यास या नोंदीतील निकष लागू होत नाहीत.