वजनगटासाठी वजन उतरवणे

कुस्ती किंवा पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत ठरलेल्या वजनगटात बसण्यासाठी खेळाडू आधीच्या काही आठवड्यांत वजन कमी करतो, त्याला तालमीच्या बोलीत वजन तोडणे म्हणतात. सांगली-साताऱ्याकडच्या जत्रेतल्या मैदानांना याची फारशी गरज पडली नाही. तिथे जोड लावताना वस्तादांची नजर हाच काटा असतो. गादीवरच्या स्पर्धा वाढल्या आणि पंचांसमोरचा खरा काटा आला, तशी ही गोष्ट प्रत्येक तालमीत पोहोचली. फ्रीस्टाइलमध्ये पुरुषांचे ऑलिंपिक गट 57, 65, 74, 86, 97 आणि 125 किलोचे आहेत. 65 आणि 74 मधले अंतरच नऊ किलोंचे असल्याने 69-70 किलोचा पैलवान कायम कात्रीत सापडतो.

असाच एक प्रौढ पैलवान धरू. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी त्याचे वजन 69 किलो भरते. अंगात चरबी साधारण 12 टक्के, म्हणजे आठ किलोंच्या आसपास आहे. स्पर्धेला आठ आठवडे आहेत आणि त्याला 65 मध्ये खेळायचे आहे. चार किलोंपैकी तीन किलो चरबीतून आणि उरलेला एक किलो शेवटच्या दोन दिवसांत आतड्यातल्या मळातून व थोड्या पाण्यातून काढणे, हा त्याच्यासाठी सुरक्षित हिशेब आहे.

एक किलो चरबी जायला सुमारे 7,700 कॅलरींची तूट लागते. तीन किलोंची तूट 56 दिवसांत वाटली तर दिवसाला चारशेच्या थोडी वर जाते. त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. खुराकातले दोन मोठे चमचे तूप काढले की अडीचशे कॅलरी कमी होतात आणि अर्धा लिटर म्हशीच्या दुधाऐवजी तेवढेच गाईचे घेतले की आणखी पावणेदोनशे. अंडी, डाळ, मटण यांना हात लावायचा नाही. शरीराच्या दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिने मिळत राहिली तर जाते ती चरबी, मांड्या नव्हेत. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा कमी वेगाने उतरणाऱ्या या पैलवानाचे जोर-बैठकांचे आकडे टिकले पाहिजेत. ते घसरू लागले, रात्री झोप लागेना किंवा चिडचिड वाढली, तर तूट जास्त झाली असे समजावे.

काट्याविषयी दोन शब्द, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. स्प्रिंगचा जुना काटा अर्धा-पाऊण किलो सहज चुकवतो. इलेक्ट्रॉनिक काटासुद्धा गादीवर ठेवला तर भरवशाचा राहत नाही, तो फरशीवरच हवा. जिममधली 20 किलोची प्लेट ठेवून पाहिले तरी ढोबळ अंदाज येतो. तासगाव भागातल्या बेदाण्याच्या शेडवरचा प्रमाणित काटा जवळ असेल तर आपला काटा त्याच्याशी ताडून घ्यावा. रोजचे वजन अर्धा किलो इकडे-तिकडे होतेच, म्हणून सात दिवसांची सरासरी काढून तीच वहीत लिहावी.

आठ आठवड्यांनी सकाळचे वजन 66 वर आले. उरलेला किलो असा जातो. शेवटचे दोन दिवस ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर बंद ठेवून मऊ भात, अंडी, पातळ वरण असे चोथा कमी असलेले अन्न घेतले की आतडे रिकामे होते आणि साधारण अर्धा किलो उतरतो. यात ताकद जात नाही, कारण गेलेला तो निव्वळ मळ असतो. त्याच दोन दिवसांत लोणचे, पापड, खर्डा टाळून मीठ नेहमीपेक्षा थोडे कमी करायचे, पण सोडायचे नाही. पाणी आदल्या दिवशी दुपारपर्यंत नेहमीसारखे पिऊन संध्याकाळनंतर घोटघोट. याने सहाशे ग्रॅमच्या आसपास पाणी जाते, म्हणजे शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून कमी. सकाळी काटा 64.9 दाखवतो.

पाण्याची मर्यादा इथेच ठेवण्याला कारण आहे. घाम गाळून तीन-चार किलो उतरवले की रक्तातले द्रव कमी होते, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्वचेकडे रक्त कमी गेल्याने अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेतले तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असे वजन उतरवताना दगावले. ते गरम खोलीत, रबरी सूट घालून व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत रबरी सूट आणि सौना यांवर बंदी आली. आपल्याकडे प्लॅस्टिकचे जॅकेट घालून एप्रिलच्या उन्हात पळणारी पोरे अजून दिसतात. लघवी गडद पिवळी होणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी आणि पोटऱ्यांत गोळे ही थांबण्याची खूण. घाम बंद होऊन बोलणे अडखळले तर ताबडतोब अंगावर थंड पाणी ओतून दवाखाना गाठावा.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या जागतिक उत्तेजकविरोधी यादीत निषिद्ध आहेत. वैद्यकीय कारणाशिवाय 12 तासांत 100 मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन लावणेही नियमबाह्य आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. वाढीच्या वयातल्या मुलांना या हिशेबात बसवूच नये, त्यांनी भरेल त्या गटात खेळावे. प्रौढांनाही वर जाण्यात कमीपणा नाही: कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 52 किलोत सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्य मिळवले ते 57 किलोत.

वजन झाल्यावर पहिली चूक तांब्याभर साधे पाणी गटागट पिण्याची. त्याने पोट डबडबते आणि बरेचसे पाणी लघवीवाटे निघून जाते. गेलेल्या पाण्याच्या सव्वा ते दीडपट द्रव परत लागते, म्हणून आपल्या पैलवानाला पाऊण ते एक लिटर पुरते. लिटरभर पाण्यात ओआरएसचे एक पूर्ण पाकीट विरघळवून आधी मोठा पेलाभर आणि मग दर पंधरा-वीस मिनिटांनी अर्धा पेला घ्यावा. पाकीट कमी पाण्यात कालवू नये, पोट बिघडते. सोबत मीठ घातलेला दहीभात, केळे, मूठभर बेदाणा. दुसरी चूक म्हणजे बदामाची थंडाई आणि तूप. चरबी पोटात रेंगाळते आणि पहिल्या कुस्तीतच पैलवान जड पडतो. थंडाई संध्याकाळी, कुस्त्या संपल्यावर.

पॉवरलिफ्टिंगमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने वजन स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होते, त्यामुळे हाच हिशेब लागू पडतो. फक्त गट 59, 66, 74, 83 असे वेगळे आहेत आणि वजन एकदाच द्यावे लागते.

कुस्तीत मात्र 2018 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एक गट दोन दिवस चालतो आणि दुसऱ्या दिवशीच्या कुस्त्यांना उतरणाऱ्याला सकाळी पुन्हा काट्यावर उभे राहावे लागते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 7 ऑगस्ट 2024 रोजी विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम कुस्तीआधी 100 ग्रॅमने बाद झाली, ती याच दुसऱ्या वजनात. घाम गाळून उतरवलेले तीन किलो पाणी एका दिवसात परत येते आणि रात्रभर पुन्हा काढावे लागते. आपल्या 65 च्या पैलवानाला पहिल्या रात्री फक्त सहा-सातशे ग्रॅमची काळजी असते. मऊ भाताचे हलके जेवण, घोटघोट पाणी आणि पुरेशी झोप यांवर तेवढे सकाळपर्यंत बसते.