पाय रोवला की रोवलेलाच राहायला हवा

कुडाळात आम्ही एका दशावतारी नटाची चाल मोशन कॅप्चरने टिपली. चार सेकंदांची क्लिप, सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे प्रत्येक सांध्याच्या 120 नोंदी. मोबाइल गेमसाठी तिची फाइल लहान केली आणि पडद्यावरचा राजा पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांवर चालल्यासारखा घसरू लागला.

या नोंदींना कीफ्रेम म्हणतात. एखादी कीफ्रेम आजूबाजूच्या दोन नोंदींवरून जवळजवळ तशीच काढता येत असेल, तर ती गाळली तरी चालते. आमचा प्रोग्रॅम प्रत्येक सांधा वेगळा तपासायचा आणि चूक अर्ध्या अंशाच्या आत असली की नोंद गाळायचा. अर्धा अंश म्हणजे किरकोळ, असं आम्हालाही वाटलं होतं. पण कमरेपासून टाचेपर्यंत 85 सेंटिमीटरचा पाय धरला, तर खुब्यातल्या अर्ध्या अंशाने टाच सुमारे 7 मिलिमीटर हलते. हवेतल्या हाताला ते खपून जातं, जमिनीवरच्या पायाला नाही.

खरी गंमत पुढे आहे. मालवणच्या जेटीवरून होडी सुटली आणि तुम्ही तिच्यात तितक्याच वेगाने मागे चालू लागलात, तर जेटीवरच्या माणसाला तुम्ही जागच्या जागी दिसाल. टेकलेला पाय असाच स्थिर असतो. कंबर पुढे जाते, मांडी मागे फिरते, गुडघा आणि घोटा उरलेला फरक भरून काढतात. प्रोग्रॅम मांडीची नोंद 22व्या फ्रेमला ठेवतो, गुडघ्याची 27व्या, कंबरेची 31व्या. मधल्या फ्रेममध्ये प्रत्येकाची चूक वेगळ्या वेळी वाढते आणि ओसरते, त्यामुळे हे एकमेकांना भरून काढणं बिघडतं. चूक सतत 7 मिलिमीटरच राहिली असती, तर पाय थोडा बाजूला पण स्थिर दिसला असता. ती बदलते, म्हणून पाय सरकतो.

म्हणून आम्ही चूक सांध्यात मोजणं सोडलं. आता एखादी नोंद गाळून बघायची, सगळी साखळी पुन्हा मांडायची आणि टाच व चवडा मूळ जागेपासून किती हटले ते मोजायचं. हटण्याची मर्यादा पाय टेकलेला असताना 1 मिलिमीटर, उचललेला असताना 5. मांडीच्या 14 नोंदी उरल्या होत्या, त्या 23 झाल्या. फाइल थोडी वाढली, घसरण गेली. ‘नव्वद टक्के लहान, फरक शून्य’ अशी जाहिरात दिसली, तर फरक कुठे मोजला ते आधी विचारा.

तपासणी सोपी आहे: पाय टेकलेल्या फ्रेममधली चवड्याची जागा आलेखावर काढा. रेष आडवी हवी.

दोन ठिकाणी हा उपाय अपुरा पडतो. चालण्याची आणि थांबण्याची क्लिप एकमेकींत मिसळताना पाय पुन्हा सरकतो. तिथे गेम चालू असतानाच पाऊल जमिनीला बांधून गुडघा त्यानुसार वाकवावा लागतो. दुसरं, पाय टेकला आहे हे आम्ही चवड्याच्या वेगावरून ओळखतो, आणि दशावतारी नट प्रवेश करताना कधी मुद्दाम पाय घासत नेतो. तो पाय जमिनीवरच असतो, पण वेगामुळे प्रोग्रॅमला उचललेला वाटतो. त्या 11 फ्रेम आम्ही हाताने खुणा करून ठेवल्या.